n(a^(1/n) − 1) ही सीमा ln a का येते? विकलज म्हणून ओळखताना वर्तुळात फिरल्यासारखे वाटते (मदत हवी आहे)

रावपुऱ्यातली_शिकवणी

नमस्कार. मी वडोदऱ्यात घरीच गणिताच्या शिकवण्या घेते. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षातली एक मुलगी परवा पुढील प्रश्न घेऊन आली आणि तिला उत्तर देता देता मीच अडकले.

a ही 1 पेक्षा मोठी संख्या असेल, तर n(a^(1/n) − 1) ची सीमा n अनंताकडे जाताना ln a येते, हे सिद्ध करायचे होते. मी तिला सांगितले की 1/n ला h म्हण, म्हणजे ही राशी (a^h − 1)/h अशी होते; a⁰ = 1 असल्यामुळे ती (a^(0+h) − a⁰)/h हीच आहे, आणि हा तर a^x चा शून्यापाशीचा विकलज झाला. a^x चा विकलज a^x · ln a असतो, त्यात x = 0 घातले की ln a मिळाला. मुलीने क्षणभर विचार करून विचारले, "पण बाई, a^x चा विकलज काढताना आपण हीच सीमा वापरली होती ना?" खरोखरच, दोन महिन्यांपूर्वीच्या तिच्याच वहीत माझ्याच सांगण्यावरून ती वापरलेली होती.

दुसरी अडचण तिने वडिलांच्या दुकानातल्या आठ अंकी कॅल्क्युलेटरवर दाखवली. 2 घेऊन वर्गमुळाचे बटण 10 वेळा दाबले की पडद्यावर 1.000677 येते, त्यातून 1 वजा करून 1024 ने गुणले की 0.693248 मिळते, आणि ln 2 म्हणजे 0.693147 असल्यामुळे आम्ही दोघी खूश झालो. मग अधिक चांगले उत्तर यावे म्हणून तिने बटण 20 वेळा दाबले, तर 1.0000005 आले आणि 1048576 ने गुणल्यावर 0.524288 हाती लागले. आणखी दोनदा दाबल्यावर तर नुसता 1 उरला, म्हणजे उत्तर शून्य. n वाढवल्यावर उत्तर बिघडते, तर मग सीमा कशाची?

सरळरेषा

यात वर्तुळ वगैरे काही नाही, ताई. n अनंताकडे जातो आणि कंसातली राशी शून्याकडे, म्हणजे हे ∞ × 0 असे अनिश्चित रूप आहे. ते (a^h − 1)/h असे 0/0 मध्ये आणावे आणि लोपितालचा नियम लावावा. अंशाचा विकलज a^h ln a, छेदाचा 1, सीमा ln a. दोन ओळींत काम संपते, परीक्षेत पूर्ण गुण मिळतात.

मूळसंख्या

सरळरेषा, उत्तर बरोबर आहे, पण ताईंच्या विद्यार्थिनीचा आक्षेप तुमच्या दोन ओळींना अधिकच लागू पडतो. लोपितालचा नियम लावताना तुम्ही a^h चा विकलज माहीत आहे असे धरता, आणि त्या विकलजाची शून्यापाशीची किंमत हीच मूळ सीमा आहे. उत्तर तपासायला ते चालेल. सिद्धता म्हणून मात्र जे मागितले तेच गृहीत धरल्यासारखे होते.

वर्तुळ आहे की नाही, हे a^x म्हणजे काय असे तुम्ही आधी ठरवले आहे त्यावर अवलंबून आहे. ln ची व्याख्या 1/t च्या आलेखाखालचे 1 पासून a पर्यंतचे क्षेत्रफळ अशी केली असेल, e^x हे तिचे व्यस्त फलन मानले असेल आणि a^x चा अर्थच e^(x ln a) असा घेतला असेल, तर विकलज साखळी नियमाने मिळतो, ही सीमा कुठेही आधी लागत नाही, आणि "हा विकलज आहे" एवढे ओळखणे ही निर्दोष सिद्धता ठरते. उलट शाळेत शिकवतात तसे मुळांपासून सुरुवात करून, अपूर्णांक घातांकांवरून a^x उभे केले असेल, तर ln अजून जन्माला आलेलाच नाही. त्या वाटेने जायचे तर ही सीमा अस्तित्वात आहे हे आधी दाखवावे आणि तिलाच L(a) असे नाव द्यावे. दोन्ही वाटा चांगल्या आहेत. घोटाळा होतो तो अर्ध्यात वाट बदलल्यामुळे, आणि तुमच्या वहीत बहुधा तेच झाले आहे.

दुसऱ्या वाटेवर मला सर्वांत सुंदर वाटणारी पायरी अशी आहे. दोन संख्यांच्या गुणाकारासाठी

n((ab)^(1/n) − 1) = a^(1/n) · n(b^(1/n) − 1) + n(a^(1/n) − 1)

असे लिहिता येते. उजवी बाजू सोडवून पाहिली की मधली पदे आपोआप कटतात. n अनंताकडे गेला की a^(1/n) हा 1 कडे जातो, म्हणून L(ab) = L(a) + L(b). गुणाकाराची बेरीज होते, हा तर लॉगरिदमचा स्वभावच. कोणताही विकलज न वापरता तो असा हाती येतो.

निवृत्त_रोखपाल

मी इंदूरचा, बँकेतून निवृत्त. माझी शंका थोडी बाजूची आहे, पण सूत्र हेच दिसते. वर्षाअखेरीस 8 टक्के मिळणारी ठेव असेल आणि मला तेच व्याज दरमहा हवे असेल, तर बँक दर थोडा कमी करते. 12(1.08^(1/12) − 1) केल्यावर मला 7.72 टक्के येतात. रोज व्याज दिले तर दर आणखी किती उतरेल? मला वाटत होते की हप्ते वाढवत नेले तर तो शून्याला टेकेल.

मूळसंख्या

नमस्कार काका. शून्याला टेकत नाही. रोजच्या हिशेबाने तो 7.697 टक्के होतो आणि कितीही बारीक तुकडे केले तरी ln 1.08, म्हणजे सुमारे 7.696 टक्के, याच्या खाली जात नाही. तुमच्या ठेवीत n = 12 आहे, ताईंच्या कॅल्क्युलेटरवर 1024 होता, एवढाच फरक.

नवखा_वाचक

मला प्रश्नच वेगळा दिसतो. n गुणिले a चे n-वे मूळ, आणि त्यातून 1 वजा, असे असेल तर मूळ 1 कडे जाते आणि उत्तर अनंत येते.

रावपुऱ्यातली_शिकवणी

आधी मूळ, मग त्यातून 1 वजा, आणि त्यानंतर n ने गुणणे, असा क्रम आहे. शीर्षकात कंस दिला आहे, पण मोठ्याने वाचताना तो हरवतो हे खरे. मुलीलाही पहिल्यांदा असेच ऐकू आले होते.

मूळसंख्या, L(ab) ची पायरी मी आज तिला दाखवणार आहे. पण सीमा अस्तित्वात आहे, हे कसे दाखवायचे?

मूळसंख्या

कॅल्क्युलेटरवर तुम्ही वर्गमूळच घेत होता, म्हणून n दुप्पट होत जाण्यापुरते दाखवतो. s = a^(1/n) आणि t = √s असे घ्या. s − 1 = (t − 1)(t + 1), म्हणून 2n(t − 1) ही नवी किंमत जुन्या n(s − 1) ला 2/(t + 1) ने गुणून मिळते, आणि t हा 1 पेक्षा मोठा असल्यामुळे ती घटते. त्याच युक्तीने n(1 − 1/s) ही राशी वाढत जाते हे दिसते. ती 1 − 1/a पासून सुरू होते आणि पहिल्या राशीच्या नेहमी खालीच राहते. घटणाऱ्या क्रमिकेला खालून आधार मिळाला, म्हणजे सीमा आहे.

आता कॅल्क्युलेटरकडे येऊ. तिथे दोन चुका उलट दिशांनी ओढत असतात. n मर्यादित असल्यामुळे उत्तर (ln a)²/2n एवढे जास्त येते; n = 1024 ला ते सुमारे 0.000235 भरते. दुसरी चूक यंत्राची. आठ अंकी यंत्र 1.000… या संख्येचे दशांशानंतरचे सातच अंक ठेवते आणि पुढचे बहुधा छाटून टाकते. दहाव्या वेळी खरे मूळ 1.00067713 असते, तुमच्याकडे 1.0006770 उरले. ही एवढीशी तूट 1024 ने गुणली की उत्तर 0.000134 ने खाली येते. तुमचे 0.693248 इतके जवळ आले ते या दोन चुका एकमेकींना अर्ध्याअधिक खाऊन गेल्यामुळे. विसाव्या वेळी खरे मूळ 1.00000066 आहे, तिथे यंत्राकडे एकच उपयोगाचा अंक उरतो, तोही छाटणीने 6 चा 5 झालेला, आणि त्याला तुम्ही दहा लाखांनी गुणता. सीमा शाबूत आहे. वजाबाकीत अंक संपतात.

हेन्री ब्रिग्जने 1624 च्या लॉगरिदमच्या ग्रंथासाठी 10 चे वर्गमूळ सलग 54 वेळा काढले होते. त्याला ते परवडले, कारण हाताने तो तीसहून अधिक दशांश स्थळे सांभाळत होता. हेच सूत्र उघडपणे लॉगरिदमचा पाया म्हणून हॅलीने 1695 मध्ये मांडले, तोच धूमकेतूवाला.

दुकानातल्या यंत्रावर उत्तर सुधारायचे असेल तर n वाढवू नका, शून्याच्या दोन्ही बाजूंनी या: (n/2)(a^(1/n) − a^(−1/n)). यात पहिली चूक (ln a)³/6n² एवढीच राहते. फक्त चार वेळा वर्गमूळ घेऊन पाहा.

सरळरेषा

लोपितालबद्दल मान्य. पण मग एक विचारतो. ताईंनी h = 1/n घेतले तेव्हा h च्या किमती 1, 1/2, 1/3 अशा तुटक आहेत, आणि विकलजात h कोणताही चालतो. हे चालते का?

मूळसंख्या

विकलज आहे हे आधी माहीत असेल तर चालते, कारण h कसाही शून्याकडे गेला तरी सीमा तीच येते, मग 1/n ने गेला तरी. उलट दिशेने मात्र नाही. f(h) = h·sin(π/h), f(0) = 0 घ्या; h = 1/n ला f(h)/h नेहमी शून्यच येते, पण शून्यापाशी विकलज नाही. a^x वाढतच जाणारे फलन असल्यामुळे ते दोन लगतच्या 1/n मध्ये चेपता येते आणि तिथे उलट वाटही निभावते.

रावपुऱ्यातली_शिकवणी

संध्याकाळी मुलगी यंत्र घेऊन आली. चार वेळा वर्गमूळ घेतल्यावर 1.0442737 आले, त्याचा व्यस्त 0.9576033, फरक 0.0866704, आणि 8 ने गुणून 0.6933632. चूक सुमारे 0.000216, म्हणजे दहा वेळा बटण दाबून जी सैद्धांतिक चूक उरत होती जवळपास तेवढीच. आठ वेळा दाबून, 128 ने गुणून, 0.6931328 आले. आता ती चूक छाटणीची, असे तिचे म्हणणे, कारण उत्तर या वेळी खाली गेले आहे.

ती एक शंका ठेवून गेली आहे. n दुप्पट होत गेला तर राशी घटते हे पटले, पण n मध्ये 1 मिळवत गेल्यावरही, म्हणजे 5 नंतर 6, 6 नंतर 7, ती घटते हे विकलज न वापरता कसे दाखवावे? अंकगणिती आणि भूमितीय मध्याची असमता कामी येईल असे मला वाटते, पण n = 5 ला ती नेमकी कोणत्या संख्यांना लावायची ते मला अजून जमलेले नाही.