मदत हवी आहे: वर्गाला Anki चा डेक पाठवला, पण एकालाबी नवीन कार्ड दिसंना

सीआर_नांदेड
नमस्कार मंडळी, मी नांदेडला एमबीबीएस फर्स्ट इयरला आहे आणि वर्गाचा सीआर आहे, म्हणजे हजेरी, झेरॉक्स आणि शिव्या तिन्ही खाती माझ्याकडं. दोन-अडीच महिन्यांपासून मी अॅनाटॉमीच्या हेड-नेकची कार्डं AnkiDroid मध्ये, म्हणजे Anki या उजळणीच्या कार्डांच्या अॅपमध्ये, बनवायलोय, आता 640 झालीत. पोरं मागायलीत म्हणून रविवारी रात्री डेक एक्सपोर्ट करून ग्रुपवर टाकला आणि खाली हा मेसेज लिहिला:

"हेड-नेकचा डेक टाकलाय. प्ले स्टोअरवरून AnkiDroid घ्या, फाईलवर टच करा, उघडंल. रोज अर्धा तास करा. डाउट असला तर मला विचारा."

सोमवारी सकाळपासून सगळे मलाच विचारायलेत. डेक उघडतोय, 11 कार्डं येतात आणि संपलं म्हणतंय. नवीन कार्डांचा निळा आकडा शून्य, उजळणीचा हिरवा 11. एक म्हणला तू 640 म्हणून थापा मारायला का. एकाला तर डेकमध्ये एकच कार्ड आलं, त्यावर इंग्लिशमध्ये अपडेट करा असं काहीतरी लिहिलंय. फाईल खराब गेली का काय? आणि मेसेजमध्ये अजून काय लिहावं तेबी सांगा, पेपरला 65 दिवस राहिलेत.

परभणीकर७
अरे हे लिमिटचं आहे. Anki रोज 20 च नवीन कार्डं देतं, मला पण आधी असंच वाटायचं डेक अर्धाच आला म्हणून. डेकच्या ऑप्शनमध्ये जाऊन 20 चे 9999 करायला सांग सगळ्यांना, दिसतील.

सीआर_नांदेड
केलं भाऊ, रूममेटच्या मोबाईलवर केलं. निळा शून्यच आहे, परत 20 करून ठेवलं.

हॉस्टेल_रूम_१४
20 ची लिमिट असते हे बरोबर आहे, पण लिमिटमुळं अडलं असतं तर निळा 20 दिसला असता, शून्य नाही. सीआर, दोन गोष्टी बघून सांग. सोमवारी सकाळी तुझ्या स्वतःच्या मोबाईलवर किती कार्डं होती? आणि रूममेटनं जे कार्ड जन्मात पहिल्यांदा बघितलं, त्याच्या Good बटणावर किती वेळ लिहून येतोय?

सीआर_नांदेड
माझ्याकडं... 11 च होती 😶 आणि रूममेटच्या Good वर 1.9mo दिसायलंय.

हॉस्टेल_रूम_१४
सापडलं मग. तू त्यांना डेकसोबत तुझी प्रगतीपण पाठवलीस. नवीन कार्डावर Good ला दहा मिनिटं येतात. पहिल्यांदा बघितलेल्या कार्डावर जवळजवळ दोन महिने यायलेत म्हणजे Anki समजतंय की या पोरानं हे कार्ड आधी चार-पाचदा बरोबर सांगितलंय. सांगितलं होतंस तू. म्हणून तर सगळ्यांना सारखाच आकडा, तो त्यांचा नाहीच, तुझा आहे. तुझी 640 ची 640 कार्डं एकदा तरी होऊन गेलीत ना, म्हणून त्यांच्याकडं नवीन असं काही उरलंच नाही.

एक्सपोर्ट करताना खाली खुणा असतात, त्यात Include scheduling information वर टिक राहिली असणार. ती काढायची. Include media ची मात्र राहू दे, नाहीतर तुझी चित्रं जाणार नाहीत.

आणि एकच कार्ड आलंय त्या पोराचं वेगळं आहे. त्याचं अॅप जुनं आहे. नवीन पद्धतीची फाईल जुन्या अॅपला वाचता येत नाही, म्हणून ते एक निरोपाचं कार्ड दाखवतं. अॅप अपडेट करू दे. फोनच जुना असंल आणि अपडेट येतच नसंल तर तुला एक्सपोर्टला Support older Anki versions वर टिक करून त्याला वेगळी फाईल द्यावी लागंल.

लेकीची_आई
माझी मुलगी पाचवीला आहे, स्कॉलरशिपची तयारी चालू आहे. हे कार्ड कुठं छापून मिळतील? आमच्या इथं लातूरला औसा रोडला झेरॉक्सवाला पाठपोट करतो पण कागद पातळ आहे, मागचं उत्तर पुढून दिसतं.

परभणीकर७
ताई हे मोबाईलवरचे कार्ड आहेत, छापायचे नाहीत 😄 तुम्हाला लग्नपत्रिकावाल्याकडचा जाड कागद घ्यावा लागंल.

सीआर_नांदेड
दादा लई उपकार. टिक काढून पुन्हा एक्सपोर्ट केलं, आत्ता ग्रुपवर टाकलं. उद्या सांगतो.

सीआर_नांदेड
(दुसऱ्या दिवशी) दादा काहीच झालं नाही. सगळ्यांनी नवीन फाईल घेतली, तरी निळा शून्य, आता हिरवा 17. काल मेसला गेलो तर वाटेत धरून विचारायलेत. फक्त एका पोरीला 20 निळे दिसायलेत, तिनं पहिली फाईल घेतलीच नव्हती, गावाकडं होती.

हॉस्टेल_रूम_१४
पहिलं म्हणजे दादा नाही, ताई. दुसरं, चूक माझी, मी पुढचं सांगायचं राहिले. Anki ला तीच कार्डं दुसऱ्यांदा दिली की ते म्हणतं ही तर आहेतच माझ्याकडं, आणि त्यांची जुनी तारीख तशीच ठेवतं. ती पोरगी कोरी होती म्हणून तिला नीट आलं.

तर आता ज्यांनी पहिली फाईल घेतली त्यांनी आधी तुझा डेक काढायचा. डेकच्या नावावर दाबून धरलं की Delete deck येतं. तो डेक गेला की मगच नवीन फाईल घ्यायची. स्वतःचे दुसरे डेक असले तर त्यांना हात लावायचा नाही. ज्याला काढायची भीती वाटते त्यानं कार्ड ब्राउझरमध्ये तुझ्या डेकची सगळी कार्डं निवडून Reset करावीत, तेच होतं, पण एवढ्या जणांना ते समजावून सांगण्यापेक्षा डिलीट सोपं.

नीट झालं का ते ओळखायचं कसं: पहिल्या दिवशी डेकसमोर निळा 20, बाकी दोन्ही शून्य. हेच मेसेजमध्ये लिही म्हणजे निम्मे फोन तुला येणारच नाहीत.

सीआर_नांदेड
सॉरी ताई 🙏 रूममेटचं करून बघितलं, 20-0-0 आलं!! आता पुढं मी नवीन कार्डं टाकणार आहे थोरॅक्सची, तवा पण सगळ्यांना डिलीट करायला लावू का?

हॉस्टेल_रूम_१४
अजिबात नाही! तेव्हा उलटं. त्यांची प्रगती आता त्यांची झाली. तू scheduling वर टिक न करता तोच डेक पुन्हा एक्सपोर्ट कर, त्यांनी डिलीट न करता वरूनच घ्यायचा. नवीन कार्डं तेवढी येतील, तू चुका दुरुस्त केल्या असशील त्या पण येतील, त्यांच्या तारखा हलणार नाहीत. फक्त मधेच कार्डाचा साचा बदलू नको, म्हणजे नवीन रकाना वगैरे वाढवायचा नाही, तिथं गोंधळ होतो.

बीड_स्पर्धापरीक्षा
मी एमपीएससीसाठी वापरतो दोन वर्षं झाली. माझा अनुभव सांगतो, सुरुवातीला जोशात रोज 50 नवीन घेतली, तिसऱ्या आठवड्यात रोजचे साडेतीनशे रिव्ह्यू यायला लागले, चार दिवस गावाकडं लग्नाला गेलो आणि आलो तर हजाराच्या वर साचले होते. तिथंच बंद पडलं सहा महिने. आता 10 च घेतो. आणि एक, आठवलं नाही तर Hard दाबायचं, Again दाबलं की कार्ड लई मागं जातं, फुकट मेहनत.

हॉस्टेल_रूम_१४
पहिलं सोळा आणे खरं, सीआर ते वाच नीट. रोज जेवढी नवीन घेशील त्याच्या सात ते दहा पट रिव्ह्यू काही दिवसांनी रोज यायला लागतात. पण Hard चं उलटं आहे भाऊ. Hard म्हणजे आठवलं पण घाम फुटला. आठवलंच नाही तर Again. तुम्ही विसरलेल्याला Hard दाबता म्हणून Anki ला वाटतं येतंय याला, आणि ते कार्ड पुढं ढकलतं. माझ्या बॅचला एकजण वर्षभर असंच करायचा, ट्रॉक्लिअर नर्व्ह कोणत्या मसलला जाते यावर दरवेळी हळूच Hard. व्हायवाला म्हणला लॅटरल रेक्टस. ती तर अॅबड्यूसेन्टची, ट्रॉक्लिअरची सुपीरियर ऑब्लिक.

बीड_स्पर्धापरीक्षा
माझं तर चाललंय त्याच्यावर दोन वर्षं. असो, बघतो.

परभणीकर७
65 दिवस आहेत म्हणल्यावर 10 नं कसं होईल पण? 640 भागिले 10 म्हणजे 64 दिवस. शेवटचं कार्ड पेपरच्या आदल्या दिवशी पहिल्यांदा बघणार का?

हॉस्टेल_रूम_१४
हां, हा मुद्दा बरोबर काढला. 15 घ्या. 43 दिवसांत नवीन संपतात, तीन आठवडे नुसती उजळणी. रोज सव्वाशे-दीडशे कार्डं होतील, कार्डाला दहा सेकंद धरली तर वीस-पंचवीस मिनिटं. पण तुझी कार्डं दहा सेकंदात होणारी आहेत का? एखादं टाक इथं.

सीआर_नांदेड
हे माझं सगळ्यात नावडतं: "एक्स्टर्नल कॅरोटिडच्या ब्रांचेस सांगा", मागं आठ नावं. सात येतात, एक दरवेळी सुटते, कधी असेंडिंग फॅरिंजियल तर कधी पोस्टेरियर ऑरिक्युलर. आता ते कार्ड येईनाच, बंद पडलंय.

हॉस्टेल_रूम_१४
आठदा विसरलास म्हणून Anki नं त्याला लीच ठरवून बाजूला टाकलं. सात आली तर Good का Again हेच ठरवता येत नाही ना अशा कार्डावर. त्याचे तुकडे कर. "समोरच्या बाजूनं निघणाऱ्या तीन कोणत्या" (सुपीरियर थायरॉइड, लिंग्वल, फेशियल), "मागच्या दोन", "शेवटच्या दोन", "आतल्या बाजूची एक". झाल्या आठ.

परभणीकर७
व्हायवाला तर आठ एका दमात विचारतात ओ ताई. तुकडे पाठ करून सलग येत नाही, मी तर अख्खंच ठेवतो.

हॉस्टेल_रूम_१४
ठेवा तुम्ही, मला नाही जमलं.

सीआर_नांदेड
मी दोन्ही ठेवतो, बघू. हा नवीन मेसेज, टाकू का सांगा:

"हेड-नेक डेक, दुसरी फाईल (पहिली विसरा, चूक माझी होती).
प्ले स्टोअरवरून AnkiDroid घ्या, आधीच असंल तर अपडेट मारा. रविवारची फाईल घेतली असंल तर माझ्या डेकवर दाबून धरा, Delete deck. मग ही फाईल डाउनलोड करा, टच करून उघडली नाही तर AnkiDroid मध्ये वरच्या तीन टिंबांत Import आहे, तिथून घ्या. निळा 20, बाकी शून्य दिसलं तर जमलं. मग डेकच्या ऑप्शनमध्ये 20 चे 15 करा. आधी रिव्ह्यू संपवा, मग नवीन. आठवलं नाही तर Again, लाजू नका, कुणी बघत नाही. एखाद दिवशी वेळ नसंल तर नवीन सोडा, रिव्ह्यू सोडू नका. पुढची फाईल येईल तवा डिलीट करायचं नाही."

हॉस्टेल_रूम_१४
टाक. आयफोनवाले किती आहेत वर्गात?

सीआर_नांदेड
तिघं. तिथं अॅप विकत आहे म्हणायलेत.

हॉस्टेल_रूम_१४
हो, Anki चं आयफोनचं अधिकृत अॅप विकतच घ्यावं लागतं. नाहीतर कुणाच्या लॅपटॉपवर Anki टाकून त्यांचं स्वतःचं खातं उघडायचं, फाईल तिथं घ्यायची, सिंक करायची आणि मग फोनच्या ब्राउझरमध्ये ankiweb.net वर करायची. थेट ankiweb वर फाईल चढत नाही. तिघांचं तीनदा करावं लागेल, वेगवेगळ्या खात्यावर.

सीआर_नांदेड
लॅपटॉप अख्ख्या विंगमध्ये एकाकडं आहे, आणि त्याचं माझ्याशी भांडण चालू आहे हजेरीवरून. बघतो काय होतंय.

लेकीची_आई
लग्नपत्रिकावाल्याकडं जाड कागद मिळाला. धन्यवाद. मुलगी म्हणते तिला पण मोबाईलवालंच पाहिजे.