उष्टावणाचा स्वयंपाक आणि बाळाची वाटी : तुमच्याकडं काय केलं?

रविवारी घरीच उष्टावण आहे, लेक सातव्या महिन्यात. पंचवीसेक माणसं. पुरणपोळी, येळवणी, भात, भजी, कुरडई ठरलंय. बाळाला काय चाटवायचं त्यावरनं घरात दोन पार्ट्या झाल्यात, सासूबाई म्हणतात तांदळाची खीर साखर घालून, मी म्हणते नको. अनुभव सांगा.

परभणीची माय: आमच्याकडं बाळाची वाटी पाहुण्यांच्या स्वयंपाकातनं काढलीच नाही, वेगळी शिजवली. दोन चमचे तांदूळ, एक चमचा मुगाची डाळ, धुवून अर्धा तास भिजवायची आणि वाटीभर पाणी घालून छोट्या डब्यात कुकरला लावायची, पाचसहा शिट्ट्या. मीठ नाही, साखर नाही. गरम असतानाच गाळणीवर चमच्यानं घासून घ्यायचं म्हणजे शीत राहत नाही, वरून तूप दोन थेंब. चमचा वाकडा केला की सावकाश घसरून पडावं, पाण्यासारखं वाहिलं तर पातळ झालं आणि चिकटून बसलं तर उकळून कोमट केलेलं पाणी घाला. गार झालं की घट्ट होतं, म्हणून मामा पाटावर बसला की मगच गाळा.

नांदेडचा काका: एवढा कुटाणा कशाला, पेज द्या की. हलकी असते, आमची सगळी पेजेवरच वाढली.

परभणीची माय: पेज वाईट नाही काका, पण नुसतं वरचं पाणी दिलं तर पोट भरतं आणि अंगाला काही लागत नाही. तांदूळ घोटून त्यातच मिसळा.

लातूरची वहिनी: मुलींचं विषम महिन्यात करतात, मग पाचव्यात का नाही केलं? आमच्या नणंदेचं तर पाचव्यातच उरकलं होतं.

धागाकर्ती: डॉक्टर म्हणाले सहा महिने पूर्ण झाल्याशिवाय वरचं काही नको, म्हणून सातवा. विषमही झाला.

बीडची आत्या: पंचामृत करणार असाल तर बाळाच्या ओठाला लावू नका, त्यात मध असतो. वर्षाच्या आत मध अजिबात नाही, त्यातल्या जंतूंनी लहान लेकरू लुळं पडू शकतं आणि शिजवून ते जंतू मरत नाहीत. आणि सोन्याची अंगठी खिरीत बुडवून चाटवायची पद्धत असेल तर अंगठी बोटातच राहू द्या, आमच्याकडं लेकरानं ती गच्च तोंडात धरली होती.

धागाकर्ती: खिरीचं काय मग? सासूबाई ऐकेनात.

बीडची आत्या: खीर देवाला आणि पाहुण्यांना. ओठाला बोट लावलं तर काही बिघडत नाही असं मला वाटतं, परभणीच्या ताई कदाचित नाही म्हणतील.

परभणीची माय: मी नाहीच म्हणते. आणि पंचवीस जणांनी पंचवीस बोटं चाटवायची नाहीत, मामाचा एकच चमचा. दोनतीन चमचे खाल्लं तरी पुष्कळ. तोंड फिरवलं की थांबा. पुढचे दोनतीन दिवस दुसरं नवीन काही देऊ नका, म्हणजे पुरळ, उलटी झाली तर कशानं ते कळतं.

नांदेडचा काका: बरं, भजी कांद्याची का मिरचीची?