मे महिन्यातली भूजलपातळी धरून काढलेला 1.06

प्रश्नकर्ता
यमुनेच्या पूरमैदानातील जागेवर मे महिन्यात बोअर घेतला. 6 मीटरवर स्वच्छ बारीक वाळू, एन म्हणजे हातोड्याच्या ठोक्यांची संख्या 18, पाणी 4 मीटरवर. भूकंपक्षेत्र 4, म्हणून जमिनीचे त्वरण गुरुत्वाच्या 0.24 पट धरले. द्रवीकरणाचा, म्हणजे भूकंपात ओली वाळू पातळ होऊन वाहू लागण्याविरुद्धचा, सुरक्षा गुणांक 1.06 आला, तरी तपासनीस स्टोन कॉलम, म्हणजे जमीन घट्ट करणारे खडीचे खांब, घालायला सांगतात. गुणांक एकाच्या वर असताना हा खर्च मालकाच्या माथी का मारायचा?

भूतंत्र
तुमची बेरीज बरोबर आहे, पण भूकंप मे महिन्यातच येईल असे तुम्ही धरून चालला आहात. पूरमैदानात ऑगस्टमध्ये पाणी दीड मीटरवर आले, तर काय होते ते पाहा. खालच्या सूत्रात सीएसआर म्हणजे भूकंप वाळूवर टाकतो त्या ताणाचे प्रमाण, amax/g म्हणजे तुमचे 0.24, σv एकूण ताण, σ'v प्रभावी ताण आणि rd खोलीनुसार होणारी घट.

```
CSR = 0.65 × (amax/g) × (σv/σ'v) × rd
```

पाण्यावर 18 आणि पाण्याखाली 19 किलोन्यूटन प्रति घनमीटर असे वजन घेतले, तर एकूण ताण 110 वरून 112.5 किलोपास्कल होतो, म्हणजे जवळजवळ हलतच नाही. पाण्याचा दाब वजा करून उरणारा प्रभावी ताण मात्र 90 वरून 68 वर घसरतो. त्यामुळे सीएसआर 0.18 वरून 0.245 होतो. एनवरून काढलेली वाळूची प्रतिकारक्षमता 0.19 आहे, तिला सीएसआरने भागले की गुणांक 0.78 येतो. तुमच्या तपासनिसांनी हेच पाहिले असावे.

संरचनाकार
हा अर्धाच हिशेब झाला. पाणी वर आणलेत, तर एनची दुरुस्तीही त्याच 68 च्या ताणाने करायला हवी. तसे केल्यास दुरुस्त एन 18 ऐवजी सुमारे 20.7 होतो आणि गुणांक 0.91 येतो. शिवाय या प्रतिकारक्षमतेत धरलेली भूकंपाची 7.5 तीव्रता कशासाठी? 6.5 धरल्यास गुणांकाला 1.44 ने गुणायचे असते. प्रत्येक वेळी सर्वांत वाईट तेवढे गोळा करायचे आणि खर्च मालकावर टाकायचा, ही सवय मला पटत नाही.

भूतंत्र
एनचा मुद्दा साफ चुकीचा आहे. हातोडा पडत होता तेव्हा त्या वाळूवर 90 चा दाब होता आणि ते 18 ठोके त्या दाबाखाली मोजले गेले. दुरुस्तीही त्याच दाबाने करायची. पावसाळी पाणी फक्त सीएसआरमध्ये घालायचे. तुमच्या पद्धतीने वाळू न मोजताच घट्ट ठरते. तीव्रतेविषयी मात्र तुमचे म्हणणे मला मान्य करावे लागते, कारण 0.24 या आकड्यासोबत तीव्रता येत नाही आणि ती कोणीतरी निवडावीच लागते. पण हिमालयातला दूरचा मोठा भूकंप आणि दिल्लीजवळचा लहान भूकंप यांचे धक्के सारखे नसतात. त्यामुळे एकाची तीव्रता आणि दुसऱ्याचे त्वरण अशी जोडी लावू नये.

बोअरवाला
आपण दोघे 18 या आकड्यावर एवढे भांडता, पण तो कसा आला हे कोणी विचारले का? मी बावीस वर्षे बोअर घेतो आहे. बोअरमधले पाणी बाहेरच्या पाण्यापेक्षा खाली गेले की तळातून वाळू वर उसळते. रॉड खाली सोडले की ते ठरलेल्या खोलीच्या हातभर आधीच टेकतात आणि ठोके मग त्या सैल भरावावर पडतात. उलट केसिंगची नळी बोअरच्या तळाच्या खाली ठोकली, तर वाळू दबते आणि एन फुगतो. माझ्या एका कामावर साहेबांच्या घाईपायी बोअरमध्ये पाणी भरू दिले नाही. 7 मीटरवर एन 6 आला. शेजारी बोअर काठोकाठ भरून पुन्हा घेतला, तेव्हा 15 आला.

संरचनाकार
मग चूक कमी एनकडे झाली, म्हणजे सुरक्षित बाजूलाच. त्याने काय बिघडते?

बोअरवाला
काय बिघडते? त्या 6 वरून संपूर्ण जागेत स्टोन कॉलम निघाले असते! मघाशी मालकाच्या पैशाची काळजी आपणच करत होता. आपण कधी रिगजवळ उभे राहून रॉड कुठे टेकतो ते पाहिले आहे का?

सोलापूरकर
आमच्या घराखाली काळी माती आहे आणि पावसाळ्यात भिंतींना तडे जातात. हे द्रवीकरणच म्हणायचे ना?

भूतंत्र
नाही. ती चिकणमाती आहे, पाणी पिऊन फुगते आणि सुकल्यावर आकसते. त्यासाठी भूकंप लागत नाही आणि हे गणितही तिथे लागू नाही.

गांधीधामकर
26 जानेवारी 2001 च्या भूकंपावेळी मी कांडल्यात होतो. यार्डातल्या भेगांमधून करडे पाणी वाळूसकट वर आले आणि खारट चिखलाची लहान वारुळे उरली. बंदरातला मनोरा तिरका झाला. तो भर कोरड्या ऋतूतला महिना होता. तेव्हा पावसाळ्याचाच एवढा आग्रह मला समजत नाही.

भूतंत्र
किनाऱ्यावर पाणी बाराही महिने वरच असते, म्हणून तिथे महिन्याने फरक पडला नाही. यमुनेकाठी पडतो.

प्रश्नकर्ता
पाण्याचा मुद्दा मान्य करतो, नाइलाजाने. बोअर पाण्याने भरलेला होता का, हे आमच्या नोंदवहीत लिहिलेलेच नाही, त्यामुळे दोन बोअर पुन्हा घेतो आणि एकात पिझोमीटर ठेवून सप्टेंबरपर्यंत पातळी पाहतो. पण 6.5 धरल्यास 0.78 चा 1.12 होतो, आणि ती तीव्रता कोणी ठरवायची याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही.

संरचनाकार
मलाही नाही.