[मंडळ-चर्चा] सहा वर्षं एकाच क्लायंटकडे १०९९ वर, बेनिफिट्स मागता येतात का?

नितीन, एडिसन:
नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. मी सहा वर्षं एकाच फार्मा कंपनीकडे डेटाबेसचं काम करतोय, १०९९ वर, मध्ये कोणी व्हेंडर नाही. रोज नऊ ते पाच, लॅपटॉप त्यांचा, सुट्टी घ्यायची तर मॅनेजरला विचारायचं, दुसरा क्लायंट घेतला तर त्यांना आवडत नाही. तासाला ६० डॉलर, म्हणजे वर्षाचे साधारण सव्वा लाखाच्या आतबाहेर. शेजारच्या टेबलावरचा माणूस तेच काम करतो आणि त्याला ४०१-के, इन्शुरन्स, पगारी रजा सगळं. आता काँट्रॅक्ट रिन्यू होतंय, मागू का?

हेमंत:
अरे बिनधास्त माग, एवढी वर्षं झाली की तू एम्प्लॉयीच! मायक्रोसॉफ्टची केस आठव, हेच झालं होतं, २००० साली ९ कोटी ७० लाख डॉलर मोजावे लागले त्यांना.

श्रीकाका:
आमच्या भाच्याचंही हेच. तो बँकेत बसतो पण पगार व्हेंडर देतो, आणि बँक म्हणते रजा आम्ही देणार नाही. घोर अन्याय आहे.

सुनीता:
काका, भाच्याचं वेगळं आहे, तो व्हेंडरचा डब्ल्यू-टू आहे ना, म्हणजे त्याला एम्प्लॉयर आहेच, रजेचं व्हेंडरला विचारायचं. नितीनला कागदावर एम्प्लॉयरच नाही.

हेमंत, वर्षं मोजून कोणी एम्प्लॉयी होत नाही रे. काम कसं आणि कधी करायचं हे कोण ठरवतं ते बघतात, आणि त्यात नितीनची बाजू चांगली आहे. पण मी बेनिफिट्समध्ये अठरा वर्षं घालवलीत म्हणून सांगते, एम्प्लॉयी ठरणं आणि प्लॅनमध्ये बसणं या दोन वेगळ्या गोष्टी. मायक्रोसॉफ्टवाल्यांचा जोर स्टॉक परचेस प्लॅनवर होता, कारण तसा प्लॅन जवळपास सगळ्या एम्प्लॉयींना खुला ठेवावा लागतो, टॅक्सचा कायदाच तसा आहे. ४०१-के चं तसं नाही, प्लॅनच्या कागदात कोणाला घ्यायचं ते लिहिलेलं असतं. आणि त्या केसनंतर कंपन्यांच्या वकिलांनी एक वाक्य घुसवलं, की आम्ही ज्याला काँट्रॅक्टर धरलंय त्याला उद्या कोर्टाने किंवा आयआरएसने एम्प्लॉयी म्हटलं तरी या प्लॅनचा हक्क नाही. मी पाहिलेल्या बहुतेक प्लॅन्समध्ये ते आहे. नितीन, आधी शेजारच्याकडून प्लॅनचा सारांश मागून घे, एलिजिबिलिटीचं पान वाच.

हेमंत:
मग लढायचंच नाही का? आयआरएसला फॉर्म एसएस-८ भरता येतो, ते ठरवून देतात, फुकटात.

सुनीता:
भरता येतो, पण सहा महिने तरी जातात आणि आयआरएस कंपनीलाही पत्र पाठवतं, म्हणजे रिन्युअलच्या तोंडावर बॉम्ब. आणि त्यातून सुटतो तो टॅक्सचा प्रश्न, रजेचा नाही. नितीन, तू शेड्यूल सी वर काय काय दाखवतोस?

नितीन:
घरातलं ऑफिस, फोन, कोर्सेस वगैरे धरून चौदा हजार. शिवाय सोलो ४०१-के मध्ये दरवर्षी वीस हजार टाकतो.

सुनीता:
तिथेच ग्यानबाची मेख आहे. एम्प्लॉयी ठरलास तर सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचा तुझा वाटा १५.३ ऐवजी ७.६५ टक्के, फॉर्म ८९१९ वर. तेवढी बचत खरी. पण मग धंदाच नव्हता असं होतं, आणि एम्प्लॉयीला हे खर्च २०१८ पासून फेडरल रिटर्नवर वजा करता येत नाहीत, सोलो ४०१-के चा पायाही निघून जातो कारण तो सेल्फ-एम्प्लॉयमेंटच्या कमाईवर उभा आहे. सीपीएकडून दोन्ही बाजूंची बेरीज मांडून घे, मगच फॉर्मला हात लाव.

जर्सीत मात्र राज्याचा कायदा तुझ्या बाजूचा आहे. इथे एबीसी टेस्ट लावतात, तू काँट्रॅक्टर आहेस हे कंपनीला सिद्ध करावं लागतं आणि तिन्ही अटींपैकी एक जरी हुकली तरी तू एम्प्लॉयी. त्यातून तीस तासांना एक तास या हिशोबाने वर्षाला चाळीस तासांपर्यंत सिक लीव्ह आणि काम गेलं तर अनएम्प्लॉयमेंट, एवढं मिळू शकतं. हेल्थ इन्शुरन्स त्यात येत नाही.

हेमंत:
बरं, वर्षांचं माझं चुकलं. पण चाळीस तासांसाठी कोण भांडेल? मी असतो तर सरळ रेट ७५ मागितला असता.

नितीन:
बायको म्हणते रेट माग आणि गप्प बस. मला मात्र अजून वाटतं एकदा तरी डब्ल्यू-टू वर घ्या म्हणून विचारावं. सोमवारी मॅनेजरशी बोलतोय. सुनीताताई, प्लॅनचा सारांश मिळालाय, अठ्ठावन्न पानं आहेत, ते वाक्य कुठल्या भागात असतं?

सुनीता:
व्याख्यांमध्ये बघ, "एलिजिबल एम्प्लॉयी" च्या खाली. पण सारांशात कधी कधी ते गाळतात, नाही सापडलं तर अख्खं प्लॅन डॉक्युमेंट लेखी मागावं लागेल, आणि तू काँट्रॅक्टर आहेस म्हणून ते देतील का ते बघायचं.