मदत हवी आहे: संगीत व्हिडिओच्या लांबीचं करायचंय, पण सांधा ऐकू येतो

घाईतला_पाहुणा: ट्रॅक व्हिडिओपेक्षा मोठा आहे. मधला तुकडा काढला की झटका बसतो. फेड-आउट सुचवू नका, शेवटचा ठोका लोगोवर पडायला हवा. आज रात्री द्यायचंय.

रिळवाला: किती मोठा? गाणं आहे की नुसतं वाद्यसंगीत? टेम्पो?

झटपट: एवढं कशाला? स्पीड वाढवा, पिच लॉक करा. मी नेहमी तेच करतो.

घाईतला_पाहुणा: ट्रॅक 3:10, व्हिडिओ 2:28. बोल नाहीत. टेम्पो 96, चारचा ठेका.

रिळवाला: म्हणजे 28 टक्के वेग, झटपटराव. ड्रम चिरडल्यासारखे वाजतील. एक-दोन टक्क्यांपर्यंत तुमचा उपाय खपतो.
पाहुणे, फाइलची लांबी विसरा. शेवटचा ठोका कितव्या सेकंदाला आहे आणि लोगो कधी येतो?

घाईतला_पाहुणा: ठोका 3:06, लोगो 2:25.

रिळवाला: मग 41 सेकंद काढायचेत. 96 ला एक बार अडीच सेकंदांचा, म्हणजे 16 बार बरोबर 40 सेकंद. ट्रॅकची सुरुवात जागेवर ठेवा, शेवट लोगोला चिकटवा आणि मधले 16 बार सलग उडवा. कट समेवर, किकच्या किंचित आधी. वर 10-20 मिलिसेकंदांचा क्रॉसफेड. त्याहून लांब ठेवलात तर दोन किक एकमेकींवर चढतील.

निवांत_सूर: माझा ध्यानाचा ट्रॅक उलट लहान पडतोय, ठेकाच नाही त्यात. मी तीन-चार सेकंदांचा क्रॉसफेड देऊन लूप करते, कळतही नाही.

रिळवाला: तुमच्याकडे चालेल, इथे नाही.

घाईतला_पाहुणा: आणि उरलेला एक सेकंद?

झटपट: तिथे तरी स्पीड वाढवा की!

रिळवाला: चालेल, टक्क्याहून कमीच होतो. पण आधी सुरुवातीची कोरी जागा बघा.

घाईतला_पाहुणा: आहे, सेकंदभर. उडवली. ठोका लोगोवर बसला! पण सांध्यावर झांज मधेच गपकन थांबते.

रिळवाला: कटच्या आधी झांज वाजलीय आणि पुढच्या तुकड्यात तिची घुमक नाही. दोन्ही कट सारख्याच मात्रांनी मागे न्या, झांजेच्या आधी. एकच हलवलात तर ठेका लंगडेल. मग सांध्याच्या दहा सेकंद आधीपासून, पडद्याकडे न बघता, पायाने ताल धरून ऐका.

सूरपारखी: कॉर्डचं कुणी बोलतच नाहीये. दोन्ही कट फ्रेजच्या एकाच जागी हवेत, नाहीतर ताल जुळूनही सूर उडी मारतो.

रिळवाला: बहुतेक ट्रॅकमध्ये आठ-आठ बारांची फ्रेज असते, म्हणून तर 16 म्हटलं.

सूरपारखी: बहुतेक. मधे दोन बारांची जोड असली तर फसाल.

घाईतला_पाहुणा: कट दोन मात्रा मागे नेले, झांज नीट वाजतेय. सूर मात्र किंचित वर गेल्यासारखा वाटतो. की वाचून भास होतोय?

सूरपारखी: दोन्ही तुकड्यांतला बास एकापाठोपाठ गुणगुणून बघा. खरंच वर गेला असेल तर तेच 16 बार आठ बार पुढून काढा.