आखाडातलं मटण रात्रभर ओट्यावर राहिलं, आता उकळून खाऊ का?

सोनचाफा_पुणे: रविवारी आखाड केला. माणसं कमी आली, साधारण 4 लिटर रस्सा फोडींसकट उरला. रात्री 10 ला गॅस बंद केला. नवऱ्याचं म्हणणं, गरम पातेलं फ्रिजमध्ये ठेवलं की फ्रिजही बिघडतो आणि मटणही. म्हणून झाकण ठेवून ओट्यावर ठेवलं आणि सकाळी 7 ला फ्रिजमध्ये सरकवलं. सोमवारी दुपारी दोघांनी खाल्लं, काही झालं नाही. आज मंगळवार. वास छान आहे. उद्या पाहुण्यांना चांगलं उकळून वाढलं तर चालेल ना? आणि पुढच्या वेळी एवढं पातेलं लवकर गार कसं करायचं?

रंकाळ्याकाठी: बिनधास्त वाढा. मटण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच मुरतं. आमच्याकडं आजीच्या काळात फ्रिज कुठं होता? यात्रेचं मटण चुलीवर दोन-दोन दिवस असायचं, सकाळ-संध्याकाळ उकळी मारायची आणि खायचं. कुणाला काही झालं नाही. उकळीत सगळं मरतं. ही हल्लीची भीती टीव्हीवाल्यांनी घातली आहे.

गॅलीतला_मालवणी: ताई, वाढू नका. मी 11 वर्षं क्रूझ जहाजाच्या गॅलीत, म्हणजे स्वयंपाकघरात काढली. अमेरिकेच्या बंदरात शिरलं की त्यांचे आरोग्य तपासनीस आधी आमची गार करण्याची वही मागायचे. कुठलं भांडं किती वाजता किती अंशांवर होतं, ते सगळं त्या वहीत. नियम असा: 57 अंशांवरून 21 वर 2 तासांत, आणि तिथून 5 वर पुढच्या 4 तासांत. पहिला टप्पा चुकला की भांडं कचऱ्यात, शेफ कितीही ओरडला तरी.

आता तुमचं पातेलं बघू. झाकण घातलेले 4-5 लिटर, खोलीत 28 अंश. रात्री 10 ला 90 धरा. 12 वाजता ते जेमतेम 60 वर येतं. पहाटे 3 ला 40 च्या आसपास. सकाळी 7 ला हाताला कोमट, 32 वगैरे. हे अंदाजाचे आकडे, पण घरी थर्मामीटर घालून मी असंच होताना पाहिलं आहे. 21 वर ते कधीच येत नाही, कारण खोलीच 28 ची आहे. ‘गार झालं की ठेवू’ म्हणत बसलात तर ते गार होणारच नाही. जे काही करायचं ते आपल्यालाच करावं लागतं.

रंकाळ्याकाठी, उकळीचं तुमचं अर्धं बरोबर आहे. मटणात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाचा जंतू असतो. उकळीत तो मरतो, पण त्याची बीजं मरत नाहीत. ती तासभराच्या उकळीतही तग धरतात. उकळताना रश्श्यातला प्राणवायू निघून जातो आणि वर तर्रीचं झाकण बसतं. या जंतूला प्राणवायू नकोच असतो. मग पातेलं 50 च्या खाली आलं की बीजं उघडतात, आणि 43 ते 47 अंशांत दहा मिनिटांच्या आत एकाचे दोन होतात. तुमचं पातेलं रात्री नेमकं त्या पट्ट्यातून गेलं आणि सकाळपर्यंत 50 च्या खाली कोमटच राहिलं.

रंकाळ्याकाठी: मग परत उकळल्यावर ते वाढलेले मरतात की नाही? हो का नाही ते सांगा.

गॅलीतला_मालवणी: हो, मरतात. बीजं फुटून जे जंतू झाले ते 75 अंशांला जातात. त्यांचं विषही बहुतेक आपल्या आतड्यात गेल्यावर तयार होतं, आधी पातेल्यात नाही. म्हणून नीट खळखळ उकळलेल्या रश्श्यातून पुष्कळ लोक वाचतात. आजीचं गणितही त्यामुळेच जमायचं, शिवाय चुलीत निखारे असायचे. निखाऱ्यावरचं मटण 60 च्या खाली उतरतच नसे. ते शिळं नव्हतं, रात्रभर गरम ठेवलेलं होतं. गॅस बंद केलेल्या ओट्याला निखारे नसतात.

पण पातेल्यात हा एकटाच नसतो. वाढताना हात लागला, चव घेतलेला डाव परत आत गेला की स्टॅफिलोकोकस येतो. त्याचं विष अन्नातच तयार होतं आणि उकळून जात नाही. पातेल्यात कोण वाढलं हे वासावरून कळत नाही, दोघांनाही वास नसतो. आंबूस वास किंवा बुळबुळीतपणा येतो तो दुसऱ्याच जंतूंमुळे. वास आला तर फेका, पण वास नाही म्हणून खाऊ नका.

एडिसन_एनजे: आम्ही इथे न्यू जर्सीत हिवाळ्यात पातेलं सरळ गॅरेजमध्ये ठेवतो. बाहेर उणे 5. सकाळी वर तेलाची छान साय आलेली असते, काढून टाकली की डाएटचं मटण! फ्रिजची गरजच नाही.

गॅलीतला_मालवणी: साय येते ती वरची. आत डाव घालून खालचं तापमान बघा. गार हवा पातेल्यातली उष्णता फार हळू घेते, पाणी कितीतरी पटीने लवकर घेतं. उणे 5 च्या हवेपेक्षा नळाखालचा टब बरा. आणि एप्रिलमध्ये काय करणार?

घारापुरी७२: माझा वेगळाच प्रश्न. कच्चं मटण फ्रीझरमधून काढून परत ठेवलं तर चालतं का? आमच्याकडे दोन किलोचं एकच पाकीट असतं.

पानशेतकर_वहिनी: ते कच्च्याचं झालं हो, इथे शिजवलेल्याचं चाललंय. पुढच्या वेळी छोटी पाकिटं करा. मला मालवणी भाऊंना विचारायचंय, घरी बर्फाचं यंत्र नसतं. आमच्या ट्रेमध्ये सरबताला पुरेल एवढाच बर्फ. जहाजावरचं सोडा, ओट्यावरचं सांगा.

गॅलीतला_मालवणी: वहिनी, बरोबर बोललात. बर्फ आधी खर्ची घालायचा नाही, ही त्यातली खुबी. 90 वरून 40 पर्यंत नळाचं पाणीच नेतं, फुकटात.

गॅस बंद केला की फोडी झाऱ्याने काढून परातीत एकेरी पसरा. त्या पंख्याखाली पंधरा-वीस मिनिटांत वाफ सोडतात. रस्सा पातेल्यातच ठेवून पातेलं सिंकमध्ये किंवा कपड्यांच्या टबात बसवा. बाहेरचं पाणी आतल्या रश्श्याच्या पातळीपर्यंत हवं, बोटभर पाण्यात ठेवून काही होत नाही. दर दोन-तीन मिनिटांनी स्वच्छ डावाने तळापासून ढवळा. न ढवळता ठेवलं तर कडेचं गार होतं आणि मधलं तसंच राहतं, वरून हात लावून फसायला होतं. बाहेरचं पाणी कोमट झालं की बदला. दोन-तीनदा बदललं की रस्सा 40 च्या खाली येतो.

मग बर्फ. 4 लिटर रस्सा 40 वरून 20 वर आणायला साधारण किलोभर बर्फ लागतो. ट्रेचा नाही, आदल्या दिवशी पाण्याच्या दोन प्लास्टिक बाटल्या पाऊण भरून फ्रीझरमध्ये टाका आणि त्या टबात सोडा. रश्श्यात नाही, बाहेर.

शेवटी फोडी आणि रस्सा पसरट डब्यांत भरा, थर दोन इंचांच्या आत. थर दुप्पट झाला की, विशेषतः घट्ट मसाल्याचा, गार व्हायला जवळजवळ चौपट वेळ लागतो. डबे एकावर एक रचू नका, पहिला तासभर झाकण किंचित तिरकं ठेवा. मला रात्री जेवणानंतर हे सगळं करायला पाऊण तास लागतो. बायको म्हणते त्यापेक्षा कमी मटण कर.

सोनचाफा_पुणे: नवरा विचारतोय, फ्रिज बिघडतो हे खोटं का मग?

गॅलीतला_मालवणी: अगदी खोटं नाही. वाटीभर गरम भाजी ठेवली तर फ्रिजला कळतही नाही. पण 4 लिटरचं वाफाळतं पातेलं ठेवलं तर कॉम्प्रेसर तास न् तास चालतो, शेजारचं दूध कोमट होतं, आणि पातेल्याचा मध्य तरी पहाटेपर्यंत गरमच. म्हणून पूर्ण पातेलं नको, पसरट डबे. तेसुद्धा थोडे कोमट असले तरी चालतील. ‘पूर्ण गार होऊ दे’चा हट्ट नको.

रंकाळ्याकाठी: बरं, गार केलं व्यवस्थित. मग किती दिवस? आमचं म्हणणं पाच दिवस आरामात.

एडिसन_एनजे: इथे सरकारी सल्ला 3 ते 4 दिवस.

पानशेतकर_वहिनी: माझी नणंद इंग्लंडात आहे, तिकडे दोनच दिवस सांगतात. तोच फ्रिज, तेच मटण! कुणाचं खरं?

गॅलीतला_मालवणी: दोघांचंही खरं आहे, सावधपणा कमी-जास्त एवढंच. दोन्ही आकडे 5 अंश किंवा त्याखालच्या फ्रिजचे आहेत. आपल्याकडे जुलैत दिवसातून पन्नासदा दार उघडतं, मध्ये वीज जाते. एका पेल्यात पाणी घालून त्यात रात्रभर थर्मामीटर ठेवा, सकाळी 8-9 दिसलं तर नवल नाही. परफ्रिंजेन्स 12 च्या खाली वाढत नाही म्हणा, पण लिस्टेरिया फ्रिजमध्येही सावकाश वाढतो. माझ्या घरी तीन दिवस, बायको गरोदर होती तेव्हा एकच दिवस. जास्त उरणार हे दिसत असेल तर त्याच रात्री गार करून निम्मं फ्रीझरमध्ये, तिसऱ्या दिवशी विचार बदलून नाही. आणि खाताना लागेल तेवढंच काढून उकळा. अख्खं पातेलं रोज तापवून रोज गार करणं म्हणजे रोज तोच जुगार.

रंकाळ्याकाठी: तीन दिवस मला पटत नाही. सुकं मटण, तेल-मीठ जास्त, पाणी कमी, ते जास्त टिकतं. रस्सा आणि सुकं एका मापात मोजू नका.

गॅलीतला_मालवणी: सुकं टिकतं थोडं जास्त, मान्य. किती जास्त, ते तुमच्या मीठ-तेलावर. त्याचा आकडा मी देणार नाही.

सोनचाफा_पुणे: सोमवारी आम्ही खाल्लं त्याचं काय? आणि टाकवत नाही हो, बाराशे रुपयांचं मटण आहे. कामाच्या मावशींना देऊन टाकू का? त्या उकळून खातील.

पानशेतकर_वहिनी: आपण पाहुण्यांना वाढायला घाबरतो ते मावशींच्या मुलांना? नको गं.

गॅलीतला_मालवणी: सोमवारी दुपारचं बाधलं असतं तर साधारण 6 ते 24 तासांत पोटात मुरडा आणि जुलाब झाले असते. उलटी यात फारशी होत नाही. एवढा वेळ गेला, सुटलात. पण त्या जेवणात जंतू कमी होते म्हणून उद्याच्या वाटीतही कमी असतील असं नाही. तळाशी, फोडींच्या मध्ये वेगळा हिशेब असतो.

सोनचाफा_पुणे: ओतलं. नळ्या तेवढ्या काढून ठेवाव्या म्हणत होता नवरा, त्याही टाकल्या. उद्या पाहुण्यांना पिठलं. थर्मामीटर मागवलाय, फ्रिजच्या पेल्यात किती येतं ते कळवते.

रंकाळ्याकाठी: बाराशे रुपये गटारात. आम्हाला कळवलं असतं तर डबा घेऊन आलो असतो.