मदत हवी आहे : चार हाऊसच्या टीशर्टला कोणते रंग घ्यावे म्हणजे मैदानाच्या त्या टोकावरून ओळखू येतील?

वर्धेकाठचा_मास्तर
नमस्कार मंडळी. आमची जिल्हा परिषदेची शाळा, वर्धा जिल्ह्यातलं लहान गाव. शाळेत चार हाऊस आहेत, नावं नद्यांची – वर्धा, वैनगंगा, पैनगंगा, पूर्णा. या वर्षी गावातून वर्गणी जमली म्हणून पोरांना हाऊसचे टीशर्ट घ्यायचं ठरलं आणि शाळेत पीटीचे वेगळे सर नाहीत म्हणून हे काम माझ्या गळ्यात. दुकानदाराने चार सॅम्पल पाठवले, लाल, हिरवा, निळा आणि भगवा. हातात घेतले तर एकदम मस्त, चारही वेगळे. पण चार पोरांना घालून मैदानाच्या पार तिकडच्या गोलपोस्टपाशी उभं केलं (व्हरांड्यापासून शंभरेक मीटर असेल) तर लाल कोणता भगवा कोणता कळेना आणि हिरवा-निळा तर दोन्ही नुसते गडद ठिपके. गुण लिहिणारे सर व्हरांड्यातच बसतात, रिलेमध्ये बॅटन कोणाच्या हाती गेला हे तिथूनच पाहावं लागते. मैदान मुरमाचं, लालसर पिवळं, पलीकडे कडुनिंब आणि त्यामागे तुरीचं वावर. ऑर्डर अजून दिली नाही, सॅम्पल बदलून मिळते. कोणते चार घेऊ?

रस्सीखेच_किंग
सर त्यात काय एवढं, लाल सगळ्यात दुरून दिसते, म्हणून तर सिग्नल लाल असतो. लाल पक्का ठेवा, बाकीचे तीन कोणतेही चमकीले घ्या. निऑन घ्या निऑन, निऑन हिरवा, निऑन पिवळा, निऑन केशरी. आंधळ्यालेही दिसन.

टेनिसबॉल_बाप्पू
आमच्या टीमचे मरून होते आन समोरच्याचे कॉफी कलर, फायनलले संध्याकाळी थ्रो कोनाकडे करू हेच समजे नाई, आपल्याच मानसाले रनआऊट केलं बे आमी. बाय द वे सर तुमाले एक टीशर्ट कितीत पडून रायला? नाव छापून पाह्यजे का बिना नावाचा? आमाले पन बनवायचे हायेत.

वर्धेकाठचा_मास्तर
बाप्पू, भाव नंतर सांगतो, आधी रंगाचं होऊ द्या.

छपाईवाला_अमरावती
मी जर्सी छापतो, सब्लिमेशनचं काम आहे, आणि रविवारी फुटबॉलला शिटी पण वाजवतो, म्हणून दोन्ही बाजूनं सांगतो. दुरून डोळ्याला रंगाच्या आधी रंग उजळ आहे की गडद हे कळते. माणूस जितका लहान दिसते तितका रंग पुसट होत जाते आणि शेवटी फक्त फिका-गडद हा फरक उरते. तुमच्या चार सॅम्पलची गोची तिथंच आहे. काळा म्हणजे शून्य आणि पांढरा म्हणजे शंभर धरला तर झगझगीत लाल येते त्रेपन्नच्या आसपास, नेहमीचा झेंड्यासारखा हिरवा शेहेचाळीस, रॉयल निळा अठ्ठेचाळीस. म्हणजे तिघंही एकाच पायरीवर उभे! भगवा थोडा वर, सत्तरच्या जवळ, पण तो लालच्या जातीचा, म्हणून तुम्हाला लाल-भगव्यात घोळ वाटला.

रस्सीखेचभाऊ, लाल दिवसा उठून दिसते हे बरोबर आहे, पण सिग्नल हा पेटलेला दिवा असते, कपडा नाही. उजेड कमी झाला की डोळ्याला लाल सगळ्यात आधी काळा पडल्यासारखा दिसते, निळा-हिरवा त्या मानानं टिकते. आणि निऑन हिरवा न् निऑन पिवळा दोन्ही शंभराच्या अंगाला जातात, शंभर मीटरवरून एकच दिसतात, मी छापून पाहिले आहेत.

सर, तुम्ही असं करा. चारही सॅम्पल दोरीवर एका रांगेत टांगा, फोननं फोटो काढा आणि एडिटमध्ये जाऊन सॅच्युरेशन पार शून्यावर आणा. तयार ब्लॅक अँड व्हाइट फिल्टर नका लावू, ते आपल्या मनानं काळं-पांढरं वाढवतात. फोटोत जे दोन टीशर्ट एकसारखे राखाडी दिसतील त्यातला एक बदला. अंदाजानं सांगतो, एक लिंबू पिवळा, एक आकाशी, एक लाल आणि एक नेव्ही ब्लू. पिवळा पंच्याण्णवच्या पुढं, आकाशी ऐंशी, लाल त्रेपन्न, नेव्ही पंधरा-वीस. पायऱ्या लागल्या की नाही?

अर्ध्या_तासाचा_फुटबॉल
छपाईवाल्यांचं अगदी बरोबर, या घोळात मोठमोठे सापडले आहेत. १९७८ च्या वर्ल्डकपला अर्जेंटिनात मार देल प्लाता इथं फ्रान्स न् हंगेरी दोन्ही टीम पांढऱ्या जर्सी घेऊन आल्या. तेव्हा कितीतरी घरी टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होते म्हणून कोण कशात खेळणार हे ठरवलं होतं आणि त्यातच गोंधळ झाला. शेवटी फ्रान्सनं किंबर्ली नावाच्या तिथल्याच क्लबच्या हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या जर्सी उसन्या घेतल्या आणि मॅच खेळले. अन् २०१८ ची पहिलीच मॅच, रशिया लाल, सौदी अरेबिया हिरवे, ज्यांना लाल-हिरवा कळत नाही त्यांनी बोंब मारली की आम्हाला कोण कोणाचा हेच दिसत नाही.

मिरचीवाली_ताई
हे शेवटचं वाचून लिहावं वाटलं. आम्ही भिवापूरकडले, मिरची लावतो. माझा मोठा मुलगा तोड्याच्या वेळी झाडावरची पिकलेली लाल मिरची चटकन शोधू शकत नाही, हात लावून, जवळ नेऊन पाहतो. आम्हाला वाटे आळस करतो. पुढे नागपूरला डोळ्याच्या डॉक्टरनं ठिपक्यांच्या आकड्यांचं पुस्तक दाखवलं तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाले मुलांमध्ये असते, मुलींमध्ये फारच कमी, आणि आईकडून येते. मास्तर, तुमच्या शाळेत पण एखाद-दुसरा असेल आणि त्यानं कोणाला सांगितलंही नसेल. लाल आणि हिरवा दोन्ही एकत्र नका ठेवू. आणि तो गुण लिहिणारा सरच तसा निघाला तर?

रस्सीखेच_किंग
ताई म्हणजे त्याले सगळं काळं-पांढरं दिसते का?

मिरचीवाली_ताई
नाही हो. पिवळा-निळा त्याला छान कळतो. लाल, हिरवा, खाकी, तपकिरी यांच्यात अडतो.

वर्धेकाठचा_मास्तर
आज केलं पाहा. दुकानदाराकडून पिवळा आणि आकाशी आणला, नेव्ही आमच्या लेझीम पथकाचा होता, लाल आहेच. गोलपोस्टला दोरी बांधून टांगले आणि सातवीतल्या एका पोरीला पाठ करून उभं केलं, मग मी रांग बदलायची अन् तिनं वळून व्हरांड्यातून डावीकडून उजवीकडे रंग सांगायचे. दुपारी बाराला एकही चुकली नाही. सॅच्युरेशन शून्य करून फोटो पाहिला तर चार वेगळे राखाडी, एकदम छपाईवाल्या दादांनी सांगितलं तसं. पण सूर्य कडुनिंबामागे गेला न् पुन्हा केलं तर लाल आणि नेव्हीत गडबडली, दोनदा उलट सांगितलं. पिवळा-आकाशी तेव्हाही साफ. आमचं बक्षीस वितरणापर्यंत सगळं लांबते हो, पाहुणे वेळेवर येतच नाहीत, शेवटच्या रिलेला कायम अंधारतेच.

अजून एक, काळा-निळा उन्हात तापत नाही का? आमचं संमेलन फेब्रुवारीत असते पण टीशर्ट पोरं एप्रिलमध्ये पण घालतील.

छपाईवाला_अमरावती
मुलीला रांग माहीत नव्हती हे फार चांगलं केलं, नाहीतर माणूस माहीत असलेलाच रंग पाहते. आता लाल-नेव्हीवर दोन उपाय. एक, नेव्हीवर छातीला आणि पाठीला आडवा पांढरा पट्टा टाका, पण चांगला दहा-बारा सेंटिमीटर रुंद. बारीक पट्ट्यांचा काही उपयोग नाही, चांगल्या डोळ्याला सुद्धा शंभर मीटरवर तीन सेंटिमीटरपेक्षा बारीक गोष्ट वेगळी काढता येत नाही, दोन सेंटिमीटरचे लाल-पांढरे पट्टे दुरून नुसते गुलाबी होतात. दुसरा उपाय लालच्या जागी केशरी घ्या, तो संध्याकाळी लालपेक्षा जास्त वेळ उजळ राहते. पण तुमच्या मुरमावर केशरी विरून जाईल, पोरगं खाली पडलेलं असलं की अजूनच. ते टांगून पाहूनच ठरवा, आणि टांगताना मागे कडुनिंब नको, खाली मुरूम दिसेल असं पाहा, पोरं तिथंच पळणार आहेत.

गडद कपडा तापते, हे खरं. पातळ जाळीचं कापड सांगा, थोडा फरक पडते. पांढरा घ्यावा असं कोणी सुचवलं तर सांगून ठेवतो, मुरमात दोन धुण्यात तो पिवळसर होते आणि मग लिंबू पिवळ्याशी भांडण. आणि सॅम्पल एकदा धुवून, उन्हात वाळवून मग मंजूर करा. हलका लाल उन्हानं उतरला की गुलाबीकडे जाते आणि तुमचा सगळा हिशोब बदलते.

कोतवाल_बुवा
सर रंगाचं शास्त्र समजलं, गावाचं काय? तुमी हिरवा काढला, भगवा काढला, आता निळा ठेवून रायले तेही दोन-दोन निळे. उद्या पारावर इचारतीन का सरनं मुद्दाम केलं. आमच्या गावात असंच झालं होतं, मिटिंगमधी तीन तास गेले आन टीशर्ट आलेच नाई.

वर्धेकाठचा_मास्तर
बुवा, हेच तर डोक्यात आहे. म्हणून कोणता रंग कोणत्या नदीला हे चिठ्ठ्या टाकून ठरवणार, पोरांच्याच हातानं, सगळ्यांसमोर. पण हिरवा पाहिजेच असं कोणी म्हणालं तर?

छपाईवाला_अमरावती
तर गडद बॉटल ग्रीन घ्या, नेव्हीच्या जागी. पण मग लाल सोडावाच लागेल, ताईच्या मुलासारख्याला लाल खूपदा गडद दिसते, तो बॉटल ग्रीनमध्ये मिसळेल. लालच्या जागी केशरी घ्या. म्हणजे पिवळा, आकाशी, केशरी, बॉटल ग्रीन. मुरमाची अडचण आहेच, ती मी इथून सोडवू शकत नाही.

कोतवाल_बुवा
यात भगवा बी आला न् हिरवा बी आला. सर, हे चालन.

मिरचीवाली_ताई
केशरी आणि पिवळा माझ्या मुलाला उजेडात वेगळे कळतील, त्याला विचारलं. संध्याकाळचं तो म्हणतो पाहूनच सांगीन.

वर्धेकाठचा_मास्तर
शनिवारी शाळा व्यवस्थापन समितीची बैठक आहे, त्याआधी केशरी आणि बॉटल ग्रीन आणून मुरमावर टांगतो, दुपारी एकदा, दिवस मावळताना एकदा. दोन्ही सेट समितीसमोर ठेवतो. बाप्पू, एका टीशर्टचे दुकानदार एकशे नव्वद म्हणते, नंबर छापायचे वेगळे.

टेनिसबॉल_बाप्पू
एकशे नव्वद महाग झाले सर. नंबर पांढरे छापाचे का काळे?

छपाईवाला_अमरावती
पिवळा, आकाशी, केशरीवर काळे, बॉटल ग्रीनवर पांढरे. न् आकडा वीत-सव्वा वीत उंच, जाड रेघेचा. डिझायनर फॉन्ट घेऊ नको बाप्पू, ६ न् ८ एकच दिसते.